घ आणि ध यांच्यामधील जागा

कचेरीच्या बारनिशीत चौतीस वर्षे बसून आलेल्या-गेलेल्या कागदांवर क्रमांक घालण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला निवृत्तीनंतरही लोक कागद दाखवायला येतात, आणि या सदराचा जन्मही त्याच सवयीतून झालेला आहे. गेल्या आठवड्यात आमच्या चिंचवडगावातल्या वाड्याच्या मागील चाळीत राहणारी एक बाई अशीच आली. तिचा नवरा चाकणच्या एका कारखान्यात पाळीने काम करतो आणि पहाटेच्या कंपनीच्या बसने जातो, त्यामुळे घरातील कागदपत्रांचा सारा कारभार तिच्याकडेच आहे. "काका, हा अर्ज शाळेने परत केला. यात काय चुकलं ते सांगाल का?" असे म्हणून तिने एक चतकोर घडी माझ्यापुढे ठेवली.

अर्ज दोन ओळींचा होता. माझा मुलगा इयत्ता सहावीत आहे, त्यास डिस्लेक्सिया आहे, सबब त्याच्या प्रश्नपत्रिका ओपनडिस्लेक्सिक फाँटमध्ये द्याव्यात, ही नम्र विनंती. त्याच्या समासात शाळेच्या कारकुनाने तांबड्या शाईत शेरा मारला होता : "फाँटबाबत नियमात तरतूद नाही." शेरा कोरडा होता; तरीही, प्रांजळपणे सांगायचे तर, अर्जाचा मसुदाच असा होता की तो मंजूर होऊनही मुलाच्या हाती काहीच पडले नसते. त्याचे कारण हा आजचा विषय आहे.

ओपनडिस्लेक्सिक हा टंक 2011 साली निघाला. त्याची रोमन अक्षरे तळाशी जाड असतात, म्हणजे b आणि d यांसारखी परस्परांची प्रतिबिंबे भासणारी अक्षरे उलटीसुलटी दिसू नयेत, अशी त्यामागची कल्पना. परंतु त्यात देवनागरी अक्षरेच नाहीत. मराठी मजकूर निवडून संगणकात हे नाव दिले तर यंत्र कसलीही तक्रार न करता आपल्याजवळचा दुसराच एखादा टंक बसवते. कागदावर उमटते ते नेहमीचेच अक्षर, आणि मागणारा व देणारा दोघेही समजतात की सवलत दिली गेली. बरे, इंग्रजी मजकुरापुरती तरी ही मागणी टिकते काय? ख्रिस्तियान बूर या डच रचनाकाराने अशाच हेतूने केलेल्या डिस्लेक्सी नावाच्या टंकाची परीक्षा संशोधकांनी घेतली, तेव्हा 2016 मधील एका अभ्यासात असे आढळले की, साध्या एरियल टंकातही अक्षरांमधील व शब्दांमधील जागा तितकीच वाढवली असता त्या विशेष टंकाचा फायदा उरत नाही. गुण अक्षराच्या आकारात नव्हता, अक्षरांच्या मधल्या मोकळ्या जागेत होता. त्याच्याही आधी, 2012 मध्ये, इटालियन व फ्रेंच मुलांवर झालेल्या प्रयोगात चौदा पॉइंटच्या अक्षरांमधील अंतर अडीच पॉइंटने वाढवताच वाचन-अक्षमता असलेली मुले अधिक वेगाने आणि कमी चुका करीत वाचू लागली होती.

येथे कोणी घाईने म्हणेल की मग मराठीतही अक्षरे फाकवून छापावी. माझ्या मते याच ठिकाणी देवनागरीची रीत निराळी पडते. आपली अक्षरे शिरोरेषेने बांधलेली असतात. अक्षरांतील अंतर वाढवले की अनेकदा ती रेषाच तुटते, काना एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे असे होते, आणि ज्या मुलाला शब्दाचा एकसंध आकार धरून ठेवणे मुळातच कठीण जाते, त्याच्यापुढे शब्दाचे तुकडे पडतात. सबब मराठीत अक्षरांमधील अंतराला हात लावू नये. त्याऐवजी शब्दांमधील आणि ओळींमधील अंतर वाढवावे. ओळींचे अंतर तर विशेषच, कारण आपल्या ओळीच्या वरच्या अंगाला रफार, मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार, तर खालच्या अंगाला उकार व पायमोडकी जोडाक्षरे अशी दुहेरी वस्ती असते, आणि दाट छपाईत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या अनुस्वाराला जाऊन भिडतो.

बाईंनी बरोबर मुलाची एक जुनी प्रश्नपत्रिका आणली होती. दोन्ही बाजूंनी छापलेला पातळ कागद, पाठीमागची शाई पुढे दिसणारी, मजकूर दोन्ही कडांना ताणून चौकटीत बसवलेला, आणि 'ध'चे डोके इतके मिटलेले की तो 'घ'पासून ओळखायला मलासुद्धा चष्मा पुसावा लागला. "घर"चे "धर", "भात"चे "मात" करतो, आणि तिसरा प्रश्न सोडवून झाला की नजर थेट पाचव्यावर पडते, असे त्याच्या आईचे निरीक्षण होते. हे निरीक्षण अर्जात कोठेही नव्हते. आणि मला विचाराल तर, डिस्लेक्सिया या शब्दापेक्षा शिक्षकाला उपयोगी पडणारी माहिती हीच होती.

तेव्हा आम्ही प्रथम घरीच एक छोटा प्रयोग केला. पाठ्यपुस्तकातील सारख्या काठिण्याचे तीन उतारे घेतले, म्हणजे पाठांतराचा लाभ मिळू नये. पहिला शाळेच्या पत्रिकेसारखा छापला. दुसरा चौदा पॉइंटमध्ये, दीडपट ओळ-अंतराने, उजवी कड मोकळी सोडून, किंचित पिवळसर कागदाच्या एकाच बाजूवर छापला. टंक घेतला तो मुक्ता, जो संगणकाच्या यादीत Mukta या नावाने दिसतो, विनामूल्य मिळतो, आणि ज्यात रेषेची जाडी फारशी कमीजास्त होत नाही व 'ध'चे डोके मोकळे राहते. तिसरा, त्याच्या वडिलांच्या हौसेखातर, चांगला वीस पॉइंटमध्ये. तीन निरनिराळ्या दिवशी, शाळेतून आल्यावर थोड्या विश्रांतीनंतर, मुलाने ते मोठ्याने वाचले आणि आईने अडखळण्याच्या जागी पेन्सिलीने टिंबे केली. पहिल्या कागदावर टिंबांची रांगोळी झाली. दुसऱ्यावर ती स्पष्टपणे विरळ होती आणि एकही ओळ गळाली नाही. तिसऱ्यावर अक्षरे चुकली नाहीत, परंतु उतारा तीन पानांवर पसरल्यामुळे प्रश्नाचे उत्तर शोधताना मुलगा मागेपुढे पाने उलटीत हरवला. एका मुलावरच्या अशा प्रयोगाने शास्त्र सिद्ध होत नाही, हे उघड आहे. अर्जाला आधार मात्र मिळतो, आणि किती मोठे अक्षर पुरे, याची मर्यादाही कळते.

आता शाळेची बाजू पाहू, कारण अर्ज ज्याच्या दफ्तरात जायचा त्याची अडचण न जाणता लिहिलेला अर्ज समासातच मरतो. पुष्कळ शाळांच्या पत्रिका आजही श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या टंकात अक्षरजुळणी करणाऱ्याकडून तयार होऊन येतात. त्या पद्धतीत संगणकाच्या पोटात मराठी अक्षर नसते, रोमन संकेत असतो, आणि टंक केवळ त्याच्यावर मराठी मुखवटा चढवतो. ओळखण्याची खूण सोपी आहे : एक ओळ निवडून तिला मुक्ता किंवा मंगल हा टंक लावावा. मराठी मराठीच राहिले तर मजकूर युनिकोडमध्ये आहे आणि टंक बदलण्याचे काम मिनिटाचे आहे; ओळीचे रोमन चिन्हांचे कडबोळे झाले तर तो जुन्या संकेतातला आहे, आणि मग टंकाचा हट्ट सोडून आकार व अंतर एवढेच मागणे शहाणपणाचे. "फाँट बदलला की सगळं बिघडतं" हे कारकुनाचे म्हणणे अनेकदा टाळाटाळीचे नसते, ते असे अक्षरशः खरे असते.

आणखी एक खुबी अशी की चौदा पॉइंट म्हणजे सर्व टंकांत सारखीच उंची नव्हे. जुन्या टंकांतील चौदा पॉइंट डोळ्याला पुष्कळ बारीक दिसतो. म्हणून अर्जात केवळ आकडा लिहिण्यापेक्षा आपणास हवे तसे छापलेले एक नमुनापान जोडावे. फूटपट्टी लावून अक्षर जुळवायला कोणत्याही कारकुनास हरकत नसते.

काही पत्रिका मुख्याध्यापक संघाकडून, काही चाचण्यांच्या पुस्तिका राज्याकडून, छापून बंद लिफाफ्यात येतात. तेथे शाळा अक्षर बदलूच शकत नाही. मात्र पाकीट फुटल्यावर, परीक्षा सुरू होताना, ए-चार आकाराचे पान ए-तीनवर झेरॉक्स करता येते. असे केल्याने सारे काही सुमारे एकशेएक्केचाळीस टक्के होते, म्हणजे दहा पॉइंटचे अक्षर चौदाचे होते. पण सारे काही म्हणजे भूमितीची आकृतीसुद्धा! "दिलेला रेषाखंड मोजा" असा प्रश्न असेल तर पाच सेंटिमीटरचा रेषाखंड सातांहून किंचित अधिक भरेल, मुलगा प्रामाणिकपणे सात लिहील आणि परीक्षक तितक्याच प्रामाणिकपणे त्याचा गुण कापील. कोन मात्र बदलत नाहीत, ही त्यातल्या त्यात युक्लिडची कृपा.

राहिला नियमाचा प्रश्न. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अध्ययन-अक्षमता हा दिव्यांगत्वाचा एक प्रकार म्हणून नोंदलेला आहे. त्याच्या सोळाव्या कलमात सरकारी मदत किंवा मान्यता असलेल्या शाळांनी प्रत्येकाच्या गरजेनुसार वाजवी तजवीज करावी असे म्हटले आहे, आणि सतराव्या कलमात परीक्षापद्धतीतील फेरबदलांची जी नावे आहेत, म्हणजे जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, ती उदाहरणादाखल आहेत. टंकाचा उल्लेख तेथे नाही हे कारकुनाचे म्हणणे खरे. पण यादीत नाव नाही म्हणून मनाई आहे, असा अर्थ त्या वाक्यातून निघत नाही. दहावीच्या बोर्डाच्या पत्रिकेची गोष्ट वेगळी. ती शाळेच्या हाती नसल्यामुळे तेथील सवलतींचा प्रस्ताव प्रमाणपत्रासह शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो, आणि आजच्या अर्जात त्याची भेसळ करण्याचे कारण नव्हते.

अखेरीस मसुदा असा ठरला. "विषय : इयत्ता सहावीतील विद्यार्थ्यास प्रश्नपत्रिकेची सुवाच्य प्रत मिळण्याबाबत. महोदया, माझ्या मुलास वाचन-अक्षमता असल्याचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. दाट छपाईत तो घ-ध, भ-म ही अक्षरे चुकतो व ओळी गाळतो. शाळेत तयार होणाऱ्या पत्रिकांची त्याच्यापुरती एक प्रत सोबतच्या नमुनापानाप्रमाणे, म्हणजे मोठे अक्षर, दीडपट ओळ-अंतर, उजवी कड मोकळी, कागदाची एकच बाजू, अशी मिळावी. मराठी अक्षरांमधील अंतर वाढवू नये. इंग्रजी मजकूर एरियलमध्ये, अक्षरांतील अंतर थोडे वाढवून चालेल. प्रश्न, त्यांचे क्रमांक व गुण यांत कोणताही बदल मागितलेला नाही. बाहेरून छापून येणाऱ्या पत्रिका मोठ्या करून मिळाव्यात. मोजमापाच्या आकृत्या मात्र मूळ आकारातच असाव्यात. प्रथम एका घटक चाचणीस हा प्रयोग करून पाहावा, ही विनंती." अर्जाच्या दोन प्रती केल्या, एक द्यायची आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेऊन परत आणायची. पोच नसलेला अर्ज म्हणजे नुसते बोलणे, हे बारनिशीतल्या माणसाने सांगायला नकोच.

शुक्रवारी बाई शिक्क्याची नक्कल घेऊन आली. मुख्याध्यापिकांनी स्वतः शेरा लिहिला होता : "पहिल्या घटक चाचणीस मंजूर. वर्गशिक्षकांनी नमुनापान अक्षरजुळणीस द्यावे." आणि त्याखाली, बहुधा त्याच कारकुनाच्या तांबड्या शाईत, एक ओळ अधिक होती : "भूमितीच्या आकृत्या लहान-मोठ्या करू नयेत."

— बारनिशीकर, चिंचवड