तीनशेचा आकडा आणि कराराची शेवटची तारीख

औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तेव्हापासून हिंगणा आणि बुटीबोरीच्या औद्योगिक पट्ट्यात कामगारांची बाजू मांडणारे आणि मालकांची बाजू मांडणारे, दोघेही एकाच आकड्यावर भांडत आहेत. पूर्वी शंभर किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कामगार कपात करण्याआधी सरकारची परवानगी घ्यावी लागे, आता ही अट तीनशेपासून पुढे लागू होते. एका बाजूला हा कामगारांचा विश्वासघात वाटतो, दुसऱ्या बाजूला उद्योगांची सुटका. माझ्या मते दोघांचेही लक्ष भलत्याच ठिकाणी आहे. नोकरी जाताना कामगाराला संरक्षण मिळणार की नाही, हे त्याच्या नोकरीच्या शेवटाला कायदा ‘कपात’ मानतो की नाही यावर ठरते. त्या व्याख्येतून बाहेर जाण्याची वाट नव्या संहितेने पूर्वीपेक्षा रुंद केली आहे, आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

आधी आकड्याचे पाहू. परवानगीची तरतूद १९७६ साली आणीबाणीत कायद्यात आली, तेव्हा ती तीनशे कामगारांसाठीच होती. १९८२ च्या दुरुस्तीने ती शंभरावर आणली. म्हणजे आज झाले आहे ते मूळ आकड्याकडे परतणे. शिवाय शंभराहून कमी कामगारांच्या शेड, वर्कशॉप आणि गोदामांना ही परवानगी कधीच लागत नव्हती. तिथल्या कामगाराला जो काही आधार होता तो दुसऱ्याच कलमाचा, जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातील २५-फचा. ती तरतूद नव्या संहितेतही कायम आहे, पण चर्चेत तिचे नाव क्वचितच निघते.

ही तरतूद साधी आणि कडक आहे. एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला कमी करायचे तर कारण लिहून एक महिन्याची नोटीस द्यायची किंवा महिन्याचा पगार द्यायचा. शिवाय सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यायचा. सहा महिन्यांहून जास्त झालेला तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो. ही रक्कम नंतर कधीतरी देऊन चालत नाही, ती कपातीच्या वेळीच द्यावी लागते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील वॉर्ड कर्मचाऱ्यांना भरपाई न देता काढले होते. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये ठरवले की भरपाई ही कपातीची पूर्वअट आहे, ती पाळली नसेल तर कपातच टिकत नाही. बाकी कायदा देणे उशिरा दिले तर व्याज मागतो, इथे मात्र आदेशच कोसळतो. कामगाराच्या हातात याहून भक्कम काही नाही.

आकड्यांत पाहायचे तर बुटीबोरीतल्या एखाद्या कारखान्यात सात वर्षे आठ महिने काम केलेला, महिना अठरा हजार रुपये घेणारा फिटर धरा. सेवा आठ वर्षांची मोजली जाईल. पंधरा दिवसांचा पगार म्हणजे महिन्याचा निम्मा, नऊ हजार. (ग्रॅच्युइटीत महिना सव्वीस दिवसांचा धरतात, इथे तसे नाही. हिशोबाच्या कागदावर या दोन्हींची सरमिसळ होते.) भरपाई झाली बहात्तर हजार, नोटिशीऐवजी अठरा हजार, एकूण नव्वद हजार. ग्रॅच्युइटी वेगळी, सुमारे त्र्याऐंशी हजार. नव्या संहितेने त्यात एक भर घातली आहे. पुनर्कौशल्य निधीतून शेवटच्या पगाराच्या पंधरा दिवसांइतकी रक्कम, म्हणजे आणखी नऊ हजार, पंचेचाळीस दिवसांत त्याच्या खात्यात जमा व्हायला हवी. पैशांखेरीज आणखी दोन गोष्टी मिळतात. त्या प्रकारच्या कामात शेवटी लागलेल्याला आधी कमी करायचे, हा ज्येष्ठतेचा नियम, आणि वर्षभरात पुन्हा भरती निघाली तर कमी केलेल्याला आधी विचारण्याचा नियम.

हे सगळे मिळते ते ‘कपात’ झाली तर. ही व्याख्या किती महागात पडू शकते, हे महाराष्ट्राने १९५६ मध्येच पाहिले आहे. मिरज, कुर्डुवाडी आणि लातूर जोडणारी बार्शी लाइट रेल्वे १ जानेवारी १९५४ पासून सरकारने ताब्यात घेतली. कंपनीने आदल्या दिवसापासून सर्वांची सेवा संपवल्याच्या नोटिसा काढल्या. पुढे बहुतेकांना सरकारने नव्याने घेतले, पण कंपनीतली सेवा संपली म्हणून भरपाई द्या, अशी कामगारांची मागणी होती. २७ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. कायद्यात ‘कोणत्याही कारणाने’ सेवा समाप्ती असे शब्द असूनही न्यायालय म्हणाले की चालू धंद्यातले जास्तीचे कामगार कमी करणे म्हणजेच कपात, अख्खा धंदाच बंद झाला किंवा हातबदल झाला तर ती कपात नव्हे. संसदेने दुरुस्ती करून बंद आणि हस्तांतरण यांसाठीही भरपाई ठेवली, पण ती २८ नोव्हेंबर १९५६ पासून, निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून. बार्शीच्या कामगारांना तिचा काही उपयोग नव्हता.

पुढची वीस वर्षे मालकांचे वकील ‘कपात म्हणजे फक्त जास्तीचे कामगार’ हाच युक्तिवाद करत राहिले. १९७६ मध्ये स्टेट बँकेच्या एका खटल्यात तो अडला. बँकेने एका माणसाला नऊ दिवसांची नेमणूक दिली होती, आणि मुदत संपताच नोकरी आपोआप संपेल, असे आदेशातच लिहिले होते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी विचारले ते एवढेच, की त्याची सेवा संपली ना? मग ती कशाने संपली याला महत्त्व नाही, ती कपातच. १९९० मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हाच व्यापक अर्थ पक्का केला. पण मधल्या काळात, १९८४ मध्ये, संसदेने व्याख्येतच एक अपवाद घातला होता. कराराची मुदत संपून तो पुन्हा वाढवला नाही, तर ती कपात नाही. नव्या संहितेत हा अपवाद ठराविक मुदतीच्या नोकरीसाठी स्पष्ट शब्दांत आहे, आणि अशा नोकरीला कायद्याने मान्य, सर्वसाधारण प्रकार म्हणून जागाही दिली आहे. एकाच माणसाशी असा करार किती वेळा करायचा, याला मर्यादा मात्र घातलेली नाही.

म्हणून मी म्हणतो, तीनशेच्या आकड्याने फिटरचे जेवढे बिघडत नाही तेवढे अकरा महिन्यांच्या कागदाने बिघडते. वर्षाच्या शेवटी ‘ब्रेक’ द्यायचा, पंधरा दिवसांनी त्याच मशीनवर त्याच माणसाला उभे करायचे, ही पद्धत एमआयडीसीत कोणालाही विचारा, माहीत आहे. सलग सेवेसाठी मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम झालेले लागते, जमिनीखालच्या खाणीत १९० दिवस. चंद्रपूर, नागपूर आणि यवतमाळच्या कोळसापट्ट्यात हा दुसरा आकडा लक्षात ठेवायला हवा. पगारी सुट्ट्या आणि पगारी रविवार यात मोजले जातात, असे १९८५ च्या एका निकालाने ठरवले. दोनशे दहा दिवस प्रत्यक्ष काम झाले असले तरी २४० भरू शकतात ते त्यामुळेच. हे दिवस सिद्ध करण्याचा पहिला भार मात्र कामगारावर असतो. निव्वळ प्रतिज्ञापत्र पुरत नाही, हजेरीपट मागवावा लागतो. ठेकेदार बदलला की मस्टरही बदलते, आणि गेट पास, बँकेत जमा झालेला पगार, पीएफचा नोंदतक्ता एवढेच पुरावे उरतात.

मिहानमधल्या आयटी कार्यालयांत मार्ग वेगळा आहे. तिथे कपात टाळण्यासाठी राजीनामा मागतात. स्वेच्छेने नोकरी सोडली तर ती कपात नाही, त्यामुळे मीटिंगमध्ये समोर ठेवलेल्या लॅपटॉपवरून पाठवलेला दोन ओळींचा मेल भरपाईचा हक्क घेऊन जातो. दबाव होता हे पुढे सिद्ध करता येते, पण कठीण आहे. ‘आम्ही कामगार थोडेच आहोत’ हा तिथला समजही चुकीचा आहे. व्यवस्थापकीय काम करणारा बाहेर आहे, पर्यवेक्षकीय काम करणाऱ्याला संहितेने अठरा हजारांची पगारमर्यादा घातली आहे, पण तांत्रिक काम करणाऱ्याला पगाराची मर्यादा नाही. पदनाम ‘मॅनेजर’ असले तरी दिवसभर काम काय करतो, हे न्यायालय पाहते. अशा एकट्या माणसाची बडतर्फीही औद्योगिक विवाद ठरते, युनियनचा पाठिंबा लागत नाही. समेट अधिकाऱ्याकडे दोन वर्षांच्या आत जावे लागते, एवढी खबरदारी घ्यावी. नागपूरला ‘उद्योग’ आणि ‘कामगार’ या व्याख्यांवरच्या लढाया नवीन नाहीत. महापालिकेचे बहुतेक विभाग उद्योग आहेत, हे १९६० मध्ये नागपूरच्याच खटल्यात ठरले होते.

मुदतीच्या करारांवरच्या या टीकेला कारखानदारांचा आक्षेप रास्त वाटावा असा आहे. ऑर्डर येते आणि जाते, सणाआधी तीस माणसे लागतात आणि नंतर दहा, कायम भरतीची भीती असेल तर भरतीच होणार नाही. हंगामी कामासाठी ठराविक मुदतीचा करार असावा, हे मला मान्य आहे. अशा कामगाराला वर्षभर झाले की ग्रॅच्युइटी मिळते, ही संहितांची चांगली बाजूही मान्य आहे. पण भरपाईचा बोजा तरी केवढा? वरच्या फिटरच्या बाबतीत वर्षाला नऊ हजार, म्हणजे वर्षाच्या पगाराच्या जेमतेम चार टक्के. चार टक्क्यांसाठी कोणी भरती टाळत असेल तर अडचण दुसरीच असावी. कामगाराला काढायला मनाई आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे कलम वाचलेले नाही. काढता येते, पैसे देऊन, ज्येष्ठता पाळून. परवानगीच्या तरतुदीबाबत मालकांची तक्रार थोडी वजनदार होती. मुंबईच्या एक्सेल वेअरच्या खटल्यात १९७८ मध्ये कारखाना बंद करण्याच्या परवानगीचे कलम न्यायालयाने रद्दही केले होते. पण तो सरकारी अडवणुकीचा प्रश्न होता, भरपाईचा नव्हता.

दुसरा आक्षेप कामगारांच्या बाजूचा, आणि मला तो जास्त खुपतो. कपात बेकायदा ठरली तरी आजकाल न्यायालये रोजंदारीच्या कामगाराला परत घ्यायला लावतातच असे नाही, एकरकमी नुकसानभरपाई देऊन प्रकरण मिटवतात. दहा वर्षे खटला चालून हाती एक-दोन लाख येणार असतील तर हे कलम कशाला जपायचे? जपायचे ते याच कारणाने. पैसे त्याच दिवशी दिले नाहीत तर आदेश टिकत नाही, ही धास्ती मालकाला पहिल्या दिवशी हिशोब करायला भाग पाडते, खटल्याशिवाय. ती धास्ती मुदतीच्या कराराला नाही.

त्यामुळे मागणी आकड्याची नको, दोन ओळींच्या दुरुस्तीची हवी. त्याच आस्थापनेत, त्याच कामावर ठराविक मुदतीचा करार दुसऱ्यांदा वाढवला की त्याच्या समाप्तीला कपातच धरावे, आणि मधला ‘ब्रेक’ तीस दिवसांहून कमी असेल तर सेवा सलग मोजावी. कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे, महाराष्ट्र विधिमंडळ राष्ट्रपतींच्या संमतीने ही दुरुस्ती करू शकते.