जोखीम फिल्मच्या रोलमध्ये असते



मोठ्या दुकानसाखळीच्या लेबलखाली माल बनवणे बिनजोखमीचे, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मसाल्याच्या धंद्यात तरी टिकत नाही. जाहिरात आणि वितरकाचा खर्च वाचतो, हे खरे. पण पाकिटाची फिल्म सिलिंडरवर छापतात आणि छापखाना थोडी छापून देत नाही. समजा, किलोला ३०० रुपयांनी ५०० किलो फिल्म घेतली आणि २०० किलो शिल्लक असताना साखळीने डिझाइन बदलले. ६०,००० रुपये भंगारात, कारण त्या नावाचे पाकीट दुसऱ्या कुणाला चालत नाही. किलोमागे ४ रुपये सुटत असतील, तर हा खड्डा भरायला १५ टन मसाला कुटावा लागेल! म्हणून उरलेली फिल्म कोण उचलणार, हे दराच्याही आधी लिहून घ्यावे.

स्वतःच्या ब्रँडला हा धोका कमी. पण तिथे न खपलेला माल परत येतो, तोही महागच पडतो. साखळीच्या कामात उधारीचाही धोका आहे: सूक्ष्म-लघु उत्पादकाला ४५ दिवसांत पैसे देण्याचे तिच्यावर कायदेशीर बंधन आहे, पण एकुलत्या एका गिऱ्हाइकाकडे उशिराचे व्याज मागणार कोण? माझ्या मते रिकाम्या पाळीपुरतेच परक्या लेबलचे काम घ्यावे.

– एक मसाला उत्पादक, सांगली