परवानगी आणि करवत

मुंबईच्या आरे वसाहतीतील मेट्रो कारशेडचा वाद विकासवादी विरुद्ध वृक्षप्रेमी असा रंगवला गेला. लाखो प्रवाशांना मेट्रो हवी, याबद्दल दुमत नव्हते. वाद जागेचा होता, आणि त्याहून अधिक परवानगीच्या रीतीचा.

29 ऑगस्ट 2019 रोजी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने 2,185 झाडे तोडण्यास आणि 461 झाडांचे पुनर्रोपण करण्यास मंजुरी दिली. ही जागा मिठी नदीच्या काठची. तेथे भराव पडला तर पुराचे पाणी कोठे जाणार, हा रहिवाशांचा प्रश्न होता. प्रजापूर पाड्यातील आदिवासी कुटुंबांना तर आधीच पुनर्वसनाच्या इमारतींत हलवण्यात आले होते. शेती आणि फळझाडांवर चालणाऱ्या संसाराची भरपाई चार भिंतींनी होत नाही, हे गाऱ्हाणे वृक्षगणनेच्या कोणत्याच रकान्यात बसले नाही.

1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगीनंतर पंधरा दिवस झाड तोडता येत नाही. मेट्रो महामंडळाने हे दिवस 13 सप्टेंबरच्या आदेशापासून मोजले. त्या हिशेबाने 28 सप्टेंबरला मुदत सरली. तेव्हा याचिका उच्च न्यायालयात होत्या. म्हणजे दाद मागण्यासाठी ठेवलेली मुदत दाद मागता मागताच संपली. 4 ऑक्टोबरला, शुक्रवारी, याचिका फेटाळल्या गेल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. परिसरात जमावबंदी लागली आणि विरोध करणाऱ्या 29 जणांना अटक झाली. सोमवारी सर्वोच्च न्यायालयाने 'जैसे थे'चा आदेश दिला, तोवर 2,141 झाडे पडली होती. उरला होता तो आदेशाचा कागद!

पुढे सरकारे बदलली. कारशेड कांजूरमार्गला नेण्याचे 2020 मध्ये ठरले आणि 2022 मध्ये ते पुन्हा आरेत आले. नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी 84 झाडांसाठी प्राधिकरणाकडे जाण्याची मुभा दिली. प्रत्यक्षात परवानगी निघाली ती 177 झाडांची. एप्रिल 2023 मध्ये न्यायालयाने याबद्दल महामंडळाला दहा लाखांचा दंड केला, परंतु प्रकल्प अडू नये म्हणून ती झाडे तोडू दिली. हजारो कोटींच्या प्रकल्पात दहा लाखांचा दंड ही शिक्षा राहत नाही. ती खर्चाची एक किरकोळ बाब होते.

जमिनीचा निर्णय फिरवता येतो, शेड हलवता येते, निकालही वरच्या न्यायालयात बदलू शकतो. तोडलेले झाड मात्र परत उभे राहत नाही. म्हणून पंधरा दिवसांची मोजणी दाव्याच्या काळात थांबली पाहिजे आणि निकालानंतर अपिलापुरती मुदत कायद्यानेच राखली पाहिजे. दोन-तीन आठवड्यांच्या विलंबाने मेट्रो बुडाली नसती. ती 2024 मध्ये धावू लागलीच. नागरिकांचा ऐकून घेतले जाण्याचा हक्क मात्र त्या एका रात्रीत बुडाला.