एक कान फोनला, एक कान रस्त्याला

लातूरच्या बसस्टँडवर नांदेडच्या गाडीची वाट बघत एक अंध विद्यार्थी भेटला. एका कानात बिनवायरचा इअरबड, दुसरा मुद्दाम मोकळा, गाड्यांचा आवाज यावा म्हणून. फोनमधला टॉकबॅक त्याला मेसेज, नोट्स वाचून दाखवतो. पूर्वी भाऊ सोबत लागायचा, आता एकटाच ये-जा करतो.

अडतं कुठं, विचारलं. म्हणाला, "सर, नोटीशीवर. कॉलेज कागदाचा फोटो काढून पीडीएफ टाकतं. त्यात अक्षरं नाहीत, चित्र असतं. फोन गप्प. परीक्षा फॉर्मची तारीख मित्राला विचारावी लागते."

प्राचार्यहो, आपल्या पीडीएफवर बोट दाबून धरा. शब्द निवडला जात नसेल, तर टॉकबॅकलाही तो सहसा वाचता येत नाही. नोटीस युनिकोडमध्ये टाईप करा, फोटोऐवजी तीच फाईल टाका. पोराला परत भावाच्या भरवशावर बसवू नका.