आधी धावायचं की आधी वजन?

माझा भाचा गेले काही महिने जिमला जातोय. परवा कुरकुरला, "मामू, माझं स्क्वॉट पुढे सरकतच नाही." विचारलं तेव्हा कळलं की साहेब आधी अर्धा तास ट्रेडमिलवर धावतात आणि मग बार खांद्यावर घेतात. ६० किलोवर पहिल्या सेटला ८ वेळा बसून उठणं जमायचं, तिसऱ्या सेटला ५ वरच गाडी अडायची.

अडणारच. धावून जे पाय थकले, तेच पाय स्क्वॉटला लागतात. स्नायूंत साठवलेली साखरही थोडी खर्च झालेली असते. थकव्यात आधी बिघडते ती शरीराची ठेवण. गुडघे आत वळू लागले किंवा कंबर गोल होऊ लागली, की तो सेट तिथेच थांबवावा.

त्याला क्रम उलटा करायला सांगितलं. आधी ५ मिनिटं भरभर चालणं, रिकाम्या बारने दोन हलके सेट, मग ६० किलो आणि शेवटी २० मिनिटं ट्रेडमिल. आता तिन्ही सेट ८-८ होतात. धावण्याचा वेग मात्र मंदावला, ही नवी कुरकुर!

पण ज्याला शर्यतीत उतरायचंय, त्याने आधी धावावं. ताज्या पायांचा पहिला हक्क त्याच्या धावण्याचा. नुसतं वजन घटवायचं असेल तर क्रमाने फारसा फरक पडत नाही. आणि ज्या दिवशी फक्त छाती-दंडांचा व्यायाम असतो, त्या दिवशी आधी धावलं तरी नुकसान कमीच, कारण थकलेले असतात ते पाय.