बिल आलं, पण ऑर्डरची चिठ्ठी कुठंय?

मैत्रिणींनो, बचत गटात पैशांवरून भांडण लागलं की संशय सगळ्यात आधी कोशाध्यक्षावर जातो. नांदेडच्या आमच्या पापडवाल्या गटात मागच्या उन्हाळ्यात तेच झालं. लातूरच्या एका व्यापाऱ्याकडून उडीद डाळ मागवली होती. बैठकीत अंदाज सांगितला होता अठ्ठावीस हजारांचा आणि बिल आलं ३४,३०० रुपयांचं. "सहा हजार गेले कुठं?" असा प्रश्न आला आणि कोशाध्यक्ष काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मी म्हटलं, आधी तीन कागद समोर ठेवा: ऑर्डर, माल उतरवताना लिहिलेली पोच आणि बिल.

ऑर्डर व्हॉट्सॲपवर होती: सहा कट्टे, प्रत्येकी ५० किलो, भाव ९४ रुपये किलो, भाड्यासह. त्यावर "ओके, परवा पाठवतो" असं व्यापाऱ्याचं उत्तर होतं. हे उत्तर फार महत्त्वाचं. ते नसेल तर आपला मेसेज म्हणजे नुसती मागणी, ठरलेला सौदा नव्हे. टेम्पोवाल्याच्या पोचपावतीवर काकूंनी स्वतः लिहिलं होतं, "सहा कट्टे मिळाले", खाली सही आणि तारीख. बिलात मात्र सात कट्टे होते आणि भाव ९८ रुपये.

म्हणजे चुका दोन होत्या, आणि त्या वेगळ्या करूनच सांगायच्या. न आलेल्या एका कट्ट्याचे, ५० किलोचे, ९८ रुपयांनी ४,९०० रुपये. आलेल्या ३०० किलोवर किलोमागे चार रुपये जास्त, ते १,२००. एकूण ६,१०० रुपये. खरं बिल २८,२०० रुपयांचं. "तुमचं बिल जास्त आहे" असं मोघम बोललं, तर समोरचाही मोघमच उत्तर देतो.

आधी फोन केला. शेठजी म्हणाले, "ताई, मधल्या दोन दिवसांत उडीद चढला की." बाजारात भाव रोज हलतो, हे खरं. पण सौदा भावासह ठरला होता, तो माल निघायच्या दिवशी बदलत नाही. आम्ही तसं म्हटलं, आवाज न चढवता. मग लगेच हा मजकूर तिन्ही कागदांच्या फोटोंसह पाठवला:

"आपल्या बिलात सात कट्टे व ९८ रुपये भाव आहे. ऑर्डर सहा कट्ट्यांची, ९४ रुपयांनी होती व सहाच कट्टे मिळाले. फरक ६,१०० रुपये. कृपया दुरुस्ती करून द्यावी. दुरुस्ती मिळताच २८,२०० रुपये पाठवू."

शेठजींनी गोदामातलं रजिस्टर पाहिलं, तेव्हा मुनीमाने कट्ट्यांचा आकडा चुकून लिहिल्याचं निघालं. दुसऱ्या दिवशी ६,१०० रुपयांची क्रेडिट नोट आली. जुन्या बिलाचा नंबर आणि तारीख तिच्यावर आहे ना, एवढं पाहायचं. बिलावर पेनाने खाडाखोड मात्र करू द्यायची नाही, कारण व्यापाऱ्याच्या वहीत जुनाच आकडा राहतो आणि वर्षअखेरीला तीच बाकी आपल्या नावावर निघते. छापील पिशव्यांसारख्या जीएसटी लागणाऱ्या मालात तर मुदतही आहे. करासह कमी करणारी क्रेडिट नोट आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच विवरणपत्रात दाखवता येते. म्हणून बिल आलं त्याच दिवशी ताळा करावा.

खरं सांगते, दरवेळी आपलंच बरोबर असतं असं नाही. एकदा आमच्यातल्याच एकीने फोनवर ऑर्डर वाढवली आणि वहीत लिहायची राहिली. आम्ही तक्रार केली आणि मग माफी मागावी लागली. आणखी एक, काकूंनी न मोजता "सात मिळाले" वर सही केली असती, तर शेठजींनी आमचं का ऐकावं? कट्टे मोजल्याशिवाय सही नाही. एखादा कट्टा काट्यावर ठेवून बारदाना वजा जाता वजन पाहावं, आणि कमी भरलं तर तेही पोचपावतीवरच लिहावं.

बायका व्यापाऱ्याला विचारायला कचरतात. वाटतं, शेठजींना राग आला तर उधारी बंद होईल. माझं मत वेगळं आहे. जो व्यापारी कागद पाहून चूक दुरुस्त करतो, त्याच्याशीच वर्षानुवर्षं व्यवहार टिकतो. आमचा अजूनही आहे. आणि आपण विचारलं नाही तर झळ व्यापाऱ्याला बसत नाही, ती आपल्यातल्याच एखाद्या काकूंना बसते. त्या दिवशी क्रेडिट नोट बैठकीत मोठ्याने वाचली, तेव्हा काकूंनी पदराने डोळे पुसले आणि वही पुन्हा स्वतःकडे ओढून घेतली.