अंदाजाचे गंज

मेहकरहून मालेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर डोणगाव लागते. याच वाटेने पुढे वाशीम जिल्ह्यातील शिरपूर येथे श्री अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला जाता येते. मुनिसंघाचा विहार जेव्हा या बाजूने होतो, तेव्हा मुक्कामाचा निरोप पुष्कळदा आदल्या संध्याकाळीच मिळतो. संघाबरोबर किती श्रावक चालत आहेत आणि आसपासच्या गावांतून दर्शनाला किती येतील, हे सांगणारा कोणी नसतो. मुनींच्या आहाराची व्यवस्था सोवळ्यातील चौक्यांत स्वतंत्र होते, तिचा येथे विचार नाही. प्रश्न आहे तो बरोबर आलेल्यांच्या पंगतीचा.

अशा वेळी आणखी एक अडचण उभी राहते. ज्या वृद्ध श्राविकेच्या हाताने आजवर शंभरांचे वरण झाले, तिने माप कधी लिहून ठेवलेले नसते. 'डोळ्याला दिसेल तेवढे' हेच तिचे माप, आणि ते डोळे आता मुलाकडे पुण्याला गेलेले असतात. म्हणजे कृती नाही आणि पाहुण्यांचा आकडाही नाही. शिवाय आपल्याकडे चुकीला दोन्ही बाजूंनी वाव नसतो. कमी पडले तर सूर्यास्तानंतर चूल पेटवून भर घालता येत नाही; उरले तर रात्र उलटलेले अन्न दुसऱ्या दिवशी पानात वाढता येत नाही.

डिसेंबरातला असा एक दिवस डोळ्यांपुढे आणावा. गावातील घरे आणि संघाबरोबरचे लोक धरून ऐंशी माणसे नक्की आहेत. मेहकर आणि मालेगावकडचे लोक आले तर आकडा अडीचशेपर्यंत जाईल. या दोन टोकांच्या मधला एखादा 'सरासरी' आकडा धरून सगळा स्वयंपाक एकदम उरकणे, ही नेहमीची चूक होय. दीडशेंचा स्वयंपाक ऐंशींना फार होतो आणि अडीचशेंना अपुरा पडतो. आकडा ओळखण्याची धडपड करण्यापेक्षा आकडा कळेपर्यंत थांबू शकणारे पदार्थ निवडावेत, हे अधिक शहाणपणाचे.

वऱ्हाडातील वरण-बट्टी या कसोटीला उतरते. बट्टीला चार थांबे आहेत. कोरडी जाडसर कणीक काही दिवस थांबते. भिजवलेला गोळा तासभर थांबतो. उकडलेली बट्टी स्वच्छ फडक्याखाली तीन-चार तास चांगली राहते. तळलेली मात्र गरम असतानाच पानात पडली पाहिजे. वरणालाही असाच थांबा आहे: डाळ घट्ट शिजवून फोडणीविना ठेवावी आणि पंगत बसताना उकळते पाणी व फोडणी देऊन वाढवावी. भाजीला लाल भोपळा घ्यावा. न चिरलेला भोपळा परत घरी जातो, चिरलेला जात नाही. गोडाचा वेगळा पदार्थ करूच नये. गरम बट्टी कुस्करून तिच्यावर तूप आणि गूळ वाढला की गोड झाले, आणि त्याची वेगळी मोजणीही उरत नाही. शिऱ्याचे तसे नाही. एकदा परातीत उतरलेला शिरा ना वाढवता येतो ना मागे फिरवता येतो.

याच मेहकर तालुक्यात हिवरा आश्रम येथे विवेकानंद जयंती महोत्सवाचा महाप्रसाद होतो. तिथे अफाट जनसमुदाय ओळीने बसतो आणि ट्रॅक्टरमधून वाढप होते. पानात पुरी आणि वांग्याची भाजी एवढेच असते. वांगे आपल्या अनेक घरांत वर्ज्य आहे, पण दोनच पदार्थ ठेवण्यातील शहाणपण घेण्याजोगे आहे. पाच पदार्थ असले की पाच अंदाज करावे लागतात आणि त्यांतील एक तरी चुकतोच.

आता हरवलेल्या कृतीविषयी. ती आठवण्याचा प्रयत्न व्यर्थ असतो. ती पुन्हा तयार करावी लागते. निरोप आला त्या संध्याकाळीच, दिवस मावळण्यापूर्वी, अर्धा किलो तुरीच्या डाळीचे नमुन्याचे वरण करावे. मीठ, हळद, तिखट, जिरे, हिंग, चिंच, गूळ हे सारे वेगवेगळ्या वाट्यांत काढून प्रत्येक वाटी किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून घ्यावी. मग वाट्यांतून नेहमीच्या हाताने, चव पाहत पाहत घालावे. वरण मनासारखे झाले की वाट्या पुन्हा तोलाव्यात. जे वजन घटले तीच कृती. हाताला जे येते पण जिभेला सांगता येत नाही, ते काटा सांगतो. समजा मीठ २४ ग्रॅम गेले, तिखट १० ग्रॅम आणि वरण पावणेतीन लिटर झाले. म्हणजे एक किलो डाळीचे साडेपाच लिटर वरण होते आणि बट्टीबरोबर माणशी सुमारे ३०० मिलिलिटर धरले तर ते अठरा जणांना पुरते.

सहा किलो डाळीसाठी हे आकडे बाराने गुणायचे. मात्र सगळे सरसकट गुणायचे नाहीत. मीठ तयार वरणाच्या मापाप्रमाणे चालते, म्हणून गुणाकार बरोबर येतो. तरी आधी तीन चतुर्थांशच घालावे आणि उकळी आल्यावर उरलेले पुरे करावे. तिखट, हिंग आणि मोहरी-जिरे यांचा गुणाकार मोठ्या गंजात बहुधा भडक होतो. ते निम्म्याहून थोडे जास्त घालून चव पाहावी आणि मग वाढवावे. पाण्याची गोष्ट निराळी आहे. लहान पातेल्यात वरणाच्या मानाने तोंड मोठे असते, त्यामुळे पाणी लवकर आटते. मोठ्या गंजात त्या मानाने फार थोडे आटते. घरच्या हिशेबाने पाणी ओतले तर वरण पातळ होते आणि मग घट्ट करायला काही उरत नाही. म्हणून डाळ तिप्पट पाण्यात शिजवावी आणि उरलेले पाणी उकळते ठेवून शेवटी, पळीवरून वरण कसे ओघळते ते पाहत, घालावे. मोठा गंज उतरवल्यावरही बराच वेळ आतून शिजत राहतो आणि तळ धरतो. उलथण्याने तळ खरवडताना अडखळले की आच त्याच क्षणी कमी करावी. तळाशी लागलेले खरवडून वर आणले तर साऱ्या गंजाला करपट वास लागतो. अशा वेळी वरचे वरण हलकेच दुसऱ्या गंजात काढून घ्यावे.

बट्टीला मोहन किलोला सुमारे शंभर ग्रॅम लागते. कणीक मुठीत दाबली असता मुटका धरून राहिला आणि बोटाने टोचताच फुटला, म्हणजे मोहन पुरेसे. ओवा, मीठ घालून पुरीच्या कणकेपेक्षा घट्ट भिजवावी. किलोभर कोरड्या कणकेच्या लहान लिंबाहून मोठ्या अशा साधारण चोवीस बट्ट्या होतात. चाळणीवर अर्धा तास वाफवल्यावर सुरी खुपसून पाहावी; ती कोरडी निघाली की बट्टी आतून शिजली. कच्ची राहिलेली बट्टी तेलात वरून लाल होते आणि आत पिठूळ राहते, हे वाढल्यावरच कळते आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

सामान अडीचशेंचे आणावे: तीस किलो कणीक, पंधरा किलो डाळ. शिजवायचे मात्र शंभरांचे. बारा किलो कणकेच्या २८८ बट्ट्या उकडून ठेवल्या, सहा किलो डाळीचे ३३ लिटर वरण तयार केले. आणखी चार किलो डाळ घट्ट शिजवून फोडणीविना बाजूला ठेवली. बाकीचे पोत्यातच राहिले. वरणाच्या गंजात पाच-पाच लिटरची बादली ओतताना पळीच्या दांड्यावर खुणा करून घेतल्या. पुढे याच खुणा कामाला येतात.

एक वाजता पहिली पंगत बसली. या पंगतीत एका माणसाने दुसरे काहीही करू नये; त्याने फक्त मोजावे. पत्रावळी ६२ लागल्या. बट्ट्या १४० उरल्या, म्हणजे १४८ गेल्या, माणशी २.४. पळी बुडवून पाहिली तर वरण १३ लिटरवर आले होते, म्हणजे २० लिटर गेले, माणशी ३२० मिलिलिटर. आता उरलेल्याकडे पाहिले की जे डोळ्यांना दिसत नव्हते ते दिसते. बट्ट्या आणखी ५८ जणांना पुरतील, वरण मात्र ४० जणांनाच. घाईने कणीक भिजवायला धावणाऱ्यांना इथे थांबवावे लागते, कारण आधी वरण वाढवायचे आहे. बाजूच्या चार किलो डाळीत उकळते पाणी व फोडणी घातली की २२ लिटर होते. मिळून ३५ लिटर, म्हणजे १०९ जणांची सोय. त्यांना २६२ बट्ट्या लागतील, हाती १४० आहेत. उरलेल्या १२२साठी पाच किलो कणीक भिजवली.

दुसऱ्या पंगतीला सत्तर बसले. रस्त्यावर एका माणसाला उभे करून ठेवले होते. त्याने मालेगावकडून आणखी एक गाडी येत असल्याचे कळवले. तिसऱ्या पंगतीला तीस झाले. शेवटी आठ वाढपी बसले. त्यांना मोजायला बहुतेक सारेच विसरतात, आणि मग दिवसभर राबलेल्यांच्या पानात नुसता भात पडतो. १७० माणसांची जेवणे झाली, गंजात दोन-तीन पळ्या वरण राहिले.

घड्याळाकडे मात्र पहिल्यापासून लक्ष असावे लागते. डिसेंबरात या भागात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. सूर्यास्ताच्या दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, आधी जेवणे आटोपायची तर पाचच्या आत शेवटचे पान उठले पाहिजे. कणीक भिजवणे, उकडणे आणि तळणे यांना मिळून सव्वा-दीड तास जातो. म्हणून तीन ही शेवटची वेळ. त्यानंतर नवा घाणा धरू नये. तीननंतर कोणी आलेच तर डाळ-तांदळाची खिचडी अर्ध्या तासात होते, आणि तेवढे तांदूळ निराळे काढून ठेवलेले बरे.

तेरा किलो कोरडी कणीक, पाच किलो डाळ आणि तीन अखंड भोपळे संध्याकाळी परत गेले. नमुन्याच्या वरणाचा हिशेब मात्र ज्या कागदावर लिहिला होता, तो मंदिराच्या भांड्यांच्या कपाटात, मोठ्या गंजाच्या आत ठेवला गेला. पुढच्या वेळी गंज काढणाऱ्याला तो आधी सापडेल.